प्राध्यापकाचे मोजमाप : गुणांच्या तक्त्यात काय मावते?

महाविद्यालयात ‘कॅस’ची फाइल म्हटली की स्टाफरूममधला आवाज बदलतो. करिअर अॅडव्हान्समेंट स्कीम, म्हणजे सेवेची ठरावीक वर्षे आणि अटी पूर्ण झाल्यावर वरची वेतनश्रेणी मिळण्याची ही योजना. अनुदानित महाविद्यालयातल्या शिक्षकाच्या हयातीत अशी फाइल चार वेळा तयार होते. लेव्हल १० वरून ११, ११ वरून १२, १२ वरून १३-ए म्हणजे सहयोगी प्राध्यापक, आणि १३-ए वरून १४ म्हणजे प्राध्यापक. प्रत्येक वेळी आधीच्या वर्षांचे अध्यापन, संशोधन आणि महाविद्यालयासाठी केलेले इतर काम ठरलेल्या नमुन्यात भरायचे. मग अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाकडून, म्हणजे आयक्यूएसीकडून, तपासून घ्यायचे आणि विद्यापीठाच्या तज्ज्ञांसमोर बसायचे.

हा नमुना विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये आणला, २०१३ आणि २०१६ मध्ये दुरुस्त केला आणि २०१८ मध्ये मुळापासून बदलला. या काळात त्यावर बोलले गेले ते मुख्यतः ‘जाच’ की ‘शिस्त’ या दोन शब्दांत. तक्ता नेमके काय मोजतो आणि त्या मोजण्यामुळे शिक्षक काय करायला लागतो, हा प्रश्न मात्र मागे राहिला. येथे आढावा घ्यायचा आहे तो त्या प्रश्नाचा, आणि तोही महाविद्यालयीन शिक्षकापुरता. विद्यापीठ विभागांचे निकष वेगळे आणि संशोधनाच्या बाबतीत अधिक कडक आहेत.

एपीआयची आठ वर्षे

२०१०च्या नियमावलीने ‘एपीआय’ हा शब्द घराघरांत नेला नसेल, पण प्रत्येक प्राध्यापकाच्या घरात नक्की नेला. तीन गट होते. पहिला गट अध्यापन आणि मूल्यमापनाचा, वर्षाला कमाल १२५ गुण, किमान ७५. दुसरा सहशालेय उपक्रम, प्रशासन आणि व्यावसायिक विकासाचा, कमाल ५०, किमान १५. दोन्ही मिळून वर्षाला १०० हवेत. तिसरा गट संशोधनाचा. त्याला सुरुवातीला कमाल मर्यादा नव्हती आणि महाविद्यालयांसाठी किमान गुण टप्प्यागणिक वाढत जात.

पहिल्या गटाची फोड पाहण्यासारखी आहे. नेमून दिलेल्या तासिका घेतल्याबद्दल ५०, नियमापेक्षा जास्त घेतल्यास १०, तयारी आणि अभ्यासक्रम समृद्ध करण्यासाठी २०, नव्या अध्यापनपद्धतींसाठी २०, परीक्षेच्या कामासाठी २५. यातले तासिका आणि परीक्षेचे आकडे हजेरीपटावरून आणि विद्यापीठाच्या पत्रांवरून पडताळता येत. ‘तयारी’ आणि ‘नव्या पद्धती’ यांचे ४० गुण मात्र शिक्षकाने स्वतःच स्वतःला द्यायचे होते. कोणीही स्वतःला वीसपैकी अकरा देणार नव्हता. परिणामी हा गट बहुतेक फायलींमध्ये वरच्या टोकाला जाऊन चिकटला, आणि जो आकडा सगळ्यांचा सारखाच येतो त्याने कोणाचीच निवड होत नाही.

निवडीचा सगळा भार मग तिसऱ्या गटावर गेला. संदर्भित नियतकालिकातल्या निबंधाला १५ गुण होते आणि समीक्षणाशिवाय छापणाऱ्या, पण आयएसएसएन असलेल्या नियतकालिकातल्या निबंधालाही १० गुण होते. आयएसएसएन हा नियतकालिकाची ओळख पटवणारा अनुक्रमांक आहे. अर्ज करणाऱ्याला तो मिळतो, त्यासाठी दर्जाची कोणतीही तपासणी होत नाही. गुण मात्र त्या क्रमांकाला चिकटले. एकदिवसीय ‘राष्ट्रीय’ चर्चासत्र भरवायचे, नोंदणी शुल्कात निबंध छापून द्यायचे आणि नियतकालिकाचा जाडजूड विशेषांक काढायचा, ही पद्धत या काळात महाराष्ट्रात तालुक्या-तालुक्यांत रुजली. २०१३च्या दुरुस्तीत तिसऱ्या गटातल्या प्रत्येक उपप्रकाराला टक्केवारीची मर्यादा घालून हा ओघ थांबवायचा प्रयत्न झाला. त्याने निबंधांची संख्या घटली नाही, त्यांच्या जोडीला पुस्तकांतली प्रकरणे आणि प्रकल्प तेवढे वाढले.

२०१७ मध्ये तत्कालीन मनुष्यबळ विकासमंत्री प्रकाश जावडेकर यांनी महाविद्यालयीन शिक्षकांसाठी एपीआयची सक्ती काढण्याचे जाहीर केले. जुलै २०१८च्या नियमावलीत ते उतरले आणि महाराष्ट्र शासनाने सातव्या वेतन आयोगासोबत मार्च २०१९च्या शासन निर्णयाने ती नियमावली राज्यात लागू केली.

अध्यापन : एक टक्केवारी

२०१८च्या पहिल्या तक्त्यात अध्यापनाला गुण नाहीत, श्रेणी आहे. घेतलेल्या तासिका भागिले नेमून दिलेल्या तासिका, एवढेच गणित. ८० टक्के किंवा अधिक असेल तर ‘चांगले’, ७० ते ८० च्या दरम्यान ‘समाधानकारक’, त्याखाली ‘असमाधानकारक’.

सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास आणि वर्षाला ३० आठवडे धरले तर ४८० तासिका होतात. ३८४ घेतल्या की ‘चांगले’, ३३६ घेतल्या की ‘समाधानकारक’. पदोन्नतीसाठी ‘समाधानकारक’ पुरते, म्हणून खरी रेषा ३३६ची. त्यातही मूल्यमापनाच्या काळातली सगळी वर्षे लागत नाहीत. पाच वर्षांच्या टप्प्यात चार वर्षे आणि तीन वर्षांच्या टप्प्यात दोन वर्षे चांगली किंवा समाधानकारक असली तरी चालते. प्रसूती, बालसंगोपन, वैद्यकीय किंवा अभ्यास रजेचा काळ मोजणीतून वगळला जातो. ही तरतूद न्याय्य आहे आणि अर्ज भरताना ती अनेकांच्या लक्षात येत नाही. रजेच्या तासिका छेदात तशाच ठेवून स्वतःची टक्केवारी पाडून घेतलेल्या फायली तपासणीत सापडतात. त्यामुळे छेदातला आकडा आधी वेळापत्रकाशी ताडून पाहायला हवा.

या पद्धतीचा फायदा उघड आहे. आकडा पडताळता येतो आणि स्वतःला वीसपैकी वीस देण्याचा खेळ संपला. तोटाही तितकाच उघड आहे. वर्गात साठ विद्यार्थी होते की सहा, जुन्या पिवळ्या वह्यांतून मजकूर सांगितला की नवा अभ्यासक्रम नीट शिकवला, हे या टक्केवारीला कळत नाही. विद्यार्थ्यांचा अभिप्राय नॅकसाठी दरवर्षी घेतला जातो, त्याचे आलेख काढले जातात, पण पदोन्नतीच्या या तक्त्यात त्याला ओळ नाही. शिक्षक शिकवतो कसा हे मोजण्याचा प्रयत्नच २०१८ मध्ये सोडून दिला गेला आणि तो वर्गात जातो का, एवढेच विचारले गेले. ज्या व्यवसायाचे नावच शिकवण्यावरून पडले आहे, त्याच्या मूल्यमापनातली ही सर्वांत मोठी पोकळी आहे.

सेवा : किती नव्हे, किती प्रकारची

त्याच तक्त्याचा दुसरा भाग सात प्रकारच्या कामांचा आहे. विभागप्रमुख, समन्वयक किंवा वसतिगृह अधीक्षक यांसारखी प्रशासकीय जबाबदारी, परीक्षेचे काम, राष्ट्रीय सेवा योजना किंवा एनसीसीसारखे विद्यार्थ्यांचे उपक्रम, चर्चासत्राचे आयोजन, पीएच.डी.चे मार्गदर्शन, प्रायोजित संशोधन प्रकल्प आणि वर्षात किमान एक शोधनिबंध. यांतली तीन कामे केली तर ‘चांगले’, एक-दोन केली तर ‘समाधानकारक’.

येथे कामाचा प्रकार मोजला जातो, त्याचे वजन मोजले जात नाही. राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी वर्षभर दर रविवारी स्वयंसेवकांसोबत असतो, हिवाळ्यात सात दिवस दत्तक गावात मुक्कामाला राहतो, मग खर्चाचे हिशेब विद्यापीठाला देतो. ते एक काम. दोन दिवस उत्तरपत्रिका तपासणारा शिक्षक परीक्षेच्या रकान्यात खूण करतो. तेही एक काम. मग जड जबाबदाऱ्या नेहमी त्याच चार-पाच जणांच्या गळ्यात पडतात आणि कॅसच्या वेळी त्यांच्या हाती इतरांपेक्षा जास्त काही लागत नाही.

दोन्ही भाग मिळून वर्षाची एकत्रित श्रेणी ठरते आणि इथे एक अट सहज नजरेतून सुटते. अध्यापनात ‘चांगले’ असूनही दुसऱ्या भागातले एकही काम नसेल तर एकूण श्रेणी ‘असमाधानकारक’ होते. नवे शिक्षक पहिल्या वर्षी कोणत्याच समितीवर नसतात, मग ते वर्ष वाया जाते. प्राचार्यांनी नियुक्तीच्या पहिल्या महिन्यातच एखाद्या समितीचे लेखी पत्र दिले तर हे टळते. पत्र जूनच्या तारखेचे हवे. मार्चमध्ये मागील तारखेने काढलेली पत्रे जावक नोंदवहीशी ताडली की उघडी पडतात.

संशोधन : शेवटच्या पायरीवरचा डोंगर

महाविद्यालयीन शिक्षकासाठी २०१८च्या नियमावलीतला सर्वांत अनपेक्षित भाग हा की पहिल्या तीन पायऱ्यांवर संशोधनाचे गुण मोजलेच जात नाहीत. सुरुवातीच्या दोन टप्प्यांत ओरिएंटेशन, रिफ्रेशर किंवा तत्सम अभ्यासक्रम आणि वार्षिक श्रेणी पुरते. सहयोगी प्राध्यापक होण्यासाठी त्यात पीएच.डी.ची भर पडते. पगारातली सर्वांत मोठी उडी याच टप्प्यावर आहे. लेव्हल १२ची सुरुवात ७९,८०० रुपयांपासून होते, १३-एची १,३१,४०० पासून. त्यानंतरची उडी, १३-ए वरून लेव्हल १४च्या १,४४,२०० वर, त्या मानाने लहान आहे. पण तिथेच किमान दहा शोधनिबंध, त्यांतले तीन मूल्यमापनाच्या काळातले, आणि ११० संशोधनगुण यांची अट आहे.

हे ११० गुण कसे जमतात ते एका नमुना फाइलवरून पाहू. इतिहास विषयाच्या एका सहयोगी प्राध्यापिका आहेत असे समजा. त्यांचे दहा शोधनिबंध आहेत, सहा स्वतंत्र आणि चार दोन लेखकांचे. शिवाय संपादित ग्रंथांत दोन प्रकरणे, पीएच.डी. मिळालेला एक विद्यार्थी आणि राष्ट्रीय चर्चासत्रांत तीन निबंधवाचने.

मानव्यविद्या, भाषा, वाणिज्य आणि सामाजिक शास्त्रांत एका शोधनिबंधाला १० गुण आहेत, विज्ञानात ८. सहा स्वतंत्र निबंधांचे ६० झाले. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के, म्हणजे ७ गुण, म्हणून चार निबंधांचे २८. दोन प्रकरणांचे प्रत्येकी ५ प्रमाणे १०, पीएच.डी.चे १०, तीन निबंधवाचनांचे प्रत्येकी ३ प्रमाणे ९. बेरीज ११७. किमान तीन प्रकारांतून गुण हवेत, ही अट पूर्ण होते. निमंत्रित व्याख्याने, निबंधवाचने आणि धोरणपत्रे यांचे गुण एकूण गुणांच्या ३० टक्क्यांपर्यंतच धरायचे आहेत. इथे ते फक्त ९ आहेत, म्हणून तीही अडचण नाही. फाइल काठावर पार होते.

आता तक्त्याखालची तळटीप वाचायची. निबंधाच्या गुणांत इम्पॅक्ट फॅक्टरनुसार वाढ द्यायची आहे. इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या संदर्भित नियतकालिकालाही ५ गुण, एकपेक्षा कमी असेल तर १०, आणि तिथून दहाच्या वर ३० पर्यंत. ही वाढ मूळ गुणांत मिळवली तर स्वतंत्र निबंध १५चा होतो आणि जोडनिबंध साडेदहाचा. आता सहा निबंधांचे ९०, चारांचे ४२. इतर गुण तेच. बेरीज १६१. तीच फाइल, तेच काम, आणि ११७ की १६१ हे तळटीप धरली की सोडली यावर ठरते. म्हणून अर्जदाराने दोन्ही बेरजा मांडाव्यात आणि मूळ गुणांतूनच ११० पार होतील इतकी तयारी ठेवावी.

लेखकांच्या वाटणीतली खोच याहून गंभीर आहे. २०१०च्या नियमात प्रथम आणि मुख्य लेखकांना मिळून ६० टक्के आणि बाकीच्यांना मिळून ४० टक्के होते. कितीही नावे घातली तरी एका निबंधाचे गुण शंभर टक्क्यांच्या वर जात नव्हते. २०१८च्या नियमात दोन लेखकांना प्रत्येकी ७० टक्के, म्हणजे एका निबंधाचे १४० टक्के वाटले जातात. दोघा मित्रांनी एकेक निबंध लिहून स्वतःच्याच नावावर छापला तर प्रत्येकाला १० गुण आणि एक निबंध. तेच दोन निबंध दोघांच्या नावांवर छापले तर प्रत्येकाला १४ गुण आणि दोन निबंध. तिघे मिळाले तर मुख्य लेखकाला ७० आणि इतर प्रत्येकाला ३० टक्के, म्हणजे तीन निबंधांत प्रत्येकाचे १३ गुण आणि मोजणीत तीन-तीन निबंध. दहाची अट निबंधांच्या संख्येची आहे, लेखक म्हणून कितवे नाव आहे ते ती विचारत नाही. एकमेकांची नावे घालण्यात कोणाचेच नुकसान नाही आणि फायदा सगळ्यांचा आहे, अशी वाटणी नियमानेच करून ठेवली आहे.

कमी गुण कशाला आहेत तेही पाहण्यासारखे आहे. संपूर्ण ग्रंथाच्या अनुवादाला ८ गुण आहेत, एका स्वतंत्र शोधनिबंधापेक्षा दोन कमी. मराठीच्या प्राध्यापकाने तीन वर्षे खपून एखादा मोठा ग्रंथ मराठीत आणला तरी आठ पानांच्या निबंधाच्या मागेच राहणार. विश्वकोशातल्या नोंदीला, कोशकार्याला किंवा बोलीच्या क्षेत्रीय संकलनाला तर स्वतंत्र ओळच नाही. उलट चार क्रेडिटचा पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रम तयार केला तर २० गुण. तक्ता कोणते ज्ञान मोलाचे मानतो, हे या आकड्यांतून स्पष्ट दिसते.

नियतकालिक खरे की बनावट

गुण नियतकालिकावर अवलंबून असल्याने सगळा वाद शेवटी नियतकालिकाच्या दर्जापाशी येतो. आयोगाने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली. मे २०१८ मध्ये त्यातली चार हजारांहून अधिक नावे एकदम वगळावी लागली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी ‘करंट सायन्स’मध्ये या यादीचे विश्लेषण छापले. विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांच्या त्यांनी तपासलेल्या नमुन्यातली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाची ठरली. त्यानंतर आलेल्या ‘यूजीसी-केअर’ यादीचा कक्ष पुण्याच्याच विद्यापीठात होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती यादीही बंद केली आणि नियतकालिक पारखण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली.

यादी गेली तरी जुन्या निबंधांचा प्रश्न उरतोच. निबंध छापला गेला त्या महिन्यात नियतकालिक यादीत होते का, हे पाहावे लागते आणि त्यासाठी त्या वेळच्या यादीच्या पानाची प्रत फाइलमध्ये लागते. सर्वांत फसवा प्रकार नकली नियतकालिकांचा आहे. यादीतल्या एखाद्या जुन्या छापील नियतकालिकाचे नाव आणि आयएसएसएन उचलून कोणीतरी संकेतस्थळ उभे करतो आणि पैसे घेऊन निबंध छापतो. ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत. त्रैमासिक असूनही एका वर्षात दहा-बारा अंक दिसतात. इतिहासाच्या नियतकालिकात यंत्र अभियांत्रिकीचे निबंध असतात. स्वीकृतिपत्र दोन-तीन दिवसांत येते आणि शुल्क कोणा व्यक्तीच्या खात्यावर मागितले जाते. खंड आणि अंक क्रमांक मूळ नियतकालिकाच्या छापील अंकाशी जुळत नाहीत. मूळ संस्थेला एक फोन केला तरी बहुतेक वेळा उलगडा होतो. तो फोन छाननी समितीने करायचा, पण समिती एका दिवसात अनेक फायली हातावेगळ्या करते आणि फोन राहून जातो.

आता पुढे

जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नव्या नियमावलीचा मसुदा काढला. त्यात गुणांचा तक्ताच नाही. त्याऐवजी नऊ ‘उल्लेखनीय योगदान’ क्षेत्रे आहेत. भारतीय भाषांतून अध्यापन, नावीन्यपूर्ण अध्यापन, प्रायोजित संशोधन, डिजिटल आशय, समाजोपयोगी काम, नवउद्योग अशांतली किमान चार दाखवायची आणि समितीने त्यांचे मोल ठरवायचे. गुणांची बेरीज जाते हे बरेच झाले. पण ‘उल्लेखनीय’ म्हणजे किती, हे समितीवर सोपवले की दुसरा जुना आजार परत येऊ शकतो. २०१०च्या आधी पदोन्नतीत ओळख आणि गटबाजी चालते, अशी तक्रार होतीच आणि एपीआय तिच्यावरचा उतारा म्हणून आला होता. आकडे काढून टाकताना हे विसरता कामा नये.

दोन्ही टोकांचा अनुभव घेऊन झाल्यावर मध्यम मार्ग अवघड नाही. आकड्यांनी फक्त पात्रता ठरावी, म्हणजे तासिका, सेवाकाल, अभ्यासक्रम आणि निबंधांची किमान संख्या. लेखकांची वाटणी कितीही नावे असली तरी शंभर टक्क्यांच्या आत यावी. त्यापुढचा निर्णय समितीने वाचून आणि पाहून घ्यावा. अर्जदाराने स्वतःचे तीन उत्तम शोधनिबंध निवडून द्यावेत, विषयतज्ज्ञांनी ते वाचून प्रत्येकावर अर्धे पान लेखी मत द्यावे आणि ते मत अर्जदाराला पाहायला मिळावे. अध्यापनासाठी तज्ज्ञांनी एक तास वर्गात मागच्या बाकावर बसावे. मूल्यमापनाच्या दिवशी ते महाविद्यालयात आलेले असतातच, एक तास अधिक लागेल. राष्ट्रीय सेवा योजनेसारखी वर्षभराची जबाबदारी आणि दोन दिवसांचे परीक्षाकाम यांत फरक करावा.

गुणांच्या तक्त्याने पंधरा वर्षांत एक गोष्ट साधली. पदोन्नतीचा निर्णय कागदावर आला आणि त्याविरुद्ध दाद मागता येऊ लागली. ते राखायला हवे. शिक्षक कसा शिकवतो आणि काय लिहितो हे मात्र त्या कागदाला कळले नाही आणि बेरीज कितीही सुधारली तरी कळणार नाही. ते कळायला कोणीतरी वर्गात बसले पाहिजे आणि निबंध उघडून वाचला पाहिजे. नव्या नियमावलीची पारख त्यावरच व्हावी.